एका साध्या वेबसाइटला १ लाख डॉलरचं बिल कसं आलं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटलिफाय या होस्टिंग कंपनीच्या एका ग्राहकाला १,०४,५०० डॉलरचं बिल आलं. वेबसाइट साधी होती, पण तिच्यावरची सुमारे साडेतीन एमबीची एक ऑडिओ फाइल काही दिवसांत प्रचंड प्रमाणात डाउनलोड झाली होती. एकूण डेटा सुमारे १९० टीबी. दर १०० जीबीला ५५ डॉलर असा दर होता, म्हणजे १,९०० गुणिले ५५. प्रकरण व्हायरल झालं आणि कंपनीच्या सीईओंनी बिल माफ केलं.

डेटा बाहेर जाण्याचे पैसे असे वाढतात. विसरलेला सर्व्हर मात्र हळूहळू खिसा कापतो. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर सर्व्हर नुसता 'Stop' केला, तरी त्याच्या डिस्कचं भाडं सुरूच राहतं.

यावर उपाय म्हणजे बजेट अलर्ट. एडब्ल्यूएसवर 'Budgets' मध्ये महिन्याची मर्यादा टाकून ५० आणि ८० टक्क्यांवर ईमेल मागवता येतो. पण तिथले आकडे साधारण ८ ते १२ तासांनी अपडेट होतात आणि नुसता अलर्ट सर्व्हर बंद करत नाही. त्यासाठी 'Budget actions' वेगळं सेट करावं लागतं.