अस्मानी पैठणी, निळी भिंत

नव्या कपड्याचा रंग मागच्या भिंतीच्या रंगाशी जुळला, की फोटोत माणसाचा चेहरा आणि हात तेवढे दिसतात. मधलं अंग भिंतीत विरघळून जातं. समोर उभं राहिल्यावर आपल्याला असं काही जाणवत नाही, कारण आपले दोन डोळे दोन जागांवरून पाहतात आणि खोली ओळखतात. शिवाय समोरचा माणूस हलत असतो. कॅमेऱ्याला एकच डोळा आणि एकच क्षण मिळतो. त्याला कडा सापडते ती फक्त उजेडाच्या किंवा रंगाच्या फरकातून. रंगाचा फरक उरला नसेल, तर उजेडाचा फरक आपणच घडवावा लागतो.

गेल्या हिवाळ्यात एका मुलीच्या साखरपुड्याआधीचे फोटो काढायचे होते. येवल्याहून आणलेली अस्मानी पैठणी, काठ-पदर जरीचे. जागा आजीच्या गावच्या घराची. तिथल्या माजघराची भिंत चुन्यात नीळ कालवून रंगवलेली आणि साडीच्या रंगाच्या इतकी जवळ, की मोबाइलवर पहिला फोटो पाहताना जरीचे काठ हवेत तरंगल्यासारखे दिसले. दुसऱ्या खोलीत जाऊ या, असं मी सुचवून पाहिलं. “मावशी, भिंत हीच हवी. आजीनं दर दिवाळीला स्वतः रंगवलेली आहे,” ती म्हणाली. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलं. असा कारणाचा हट्ट असेल, तर तो फोटो काढणाऱ्यानं पेलायलाच हवा.

सर्वांत आधी मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून मी तिच्याकडे पाहिलं. ही तपासणी मी कधीच टाळत नाही. रंग गेले की उजेडाचा खरा हिशेब दिसतो. तिचा खांदा आणि भिंत दोन्ही एकाच राखाडी छटेत होती. खांदा, कोपर आणि पदराचं सुटं टोक या तीन जागा तपासल्या की पुरे. कपडा हरवतो तो बहुधा तिथेच.

मग तिला भिंतीपासून पुढे आणलं. ती भिंतीला जवळजवळ टेकून, फूटभर अंतरावर उभी होती. दिवा तिच्यापासून चार फुटांवर असेल, तर भिंत पाच फुटांवर येते. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे साडीवर जितका उजेड पडतो त्याच्या सुमारे 64 टक्के भिंतीवरही पडतो. एवढा फरक पुरत नाही. दिवा तेवढ्याच अंतरावर ठेवून तिला भिंतीपासून चार फूट पुढे उभं केलं. आता भिंत दिव्यापासून आठ फुटांवर, म्हणजे दुप्पट अंतरावर गेली आणि तिच्यावरचा उजेड साडीवरच्या उजेडाच्या एक चतुर्थांशावर आला. तीच नीळ आता गडद, जुन्या शाईसारखी दिसू लागली आणि पैठणी तिच्यापुढे उजळ झाली. हा हिशेब लहान दिव्याचा आहे. मोठ्या खिडकीतून येणारा उजेड इतक्या झपाट्यानं कमी होत नाही; तिथे माणसाला खिडकीच्या अगदी जवळ आणि भिंतीपासून आणखी लांब न्यावं लागतं.

काम अर्धंच झालं होतं. दिवा डावीकडे होता, म्हणून डावा खांदा सुटून दिसत होता; पण उजवी बाजू सावलीत गेली होती आणि सावलीतलं निळं रेशीम अंधारलेल्या निळ्या भिंतीला पुन्हा मिळालं होतं. एका बाजूनं दिवा लावणाऱ्याला हे नेहमी भेटतं. त्यावरचा उपाय कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जुना आहे. लिओनार्दो दा विंचीनं चित्रकारांसाठी लिहून ठेवलं आहे, की अंगाच्या उजळ बाजूमागे गडद पार्श्वभूमी ठेवावी आणि सावलीच्या बाजूमागे उजळ. म्हणजे भिंत एकसारखी असून चालणार नव्हती. डावीकडे ती काळोखी हवी होती आणि उजवीकडे उजळ.

माजघराला उजवीकडे अंगणाचं दार होतं. ते उघडल्यावर दिवसाचा उजेड भिंतीच्या उजव्या भागावर आला, पण तिच्या उजव्या अंगावरही येऊ लागला. तिची सावलीची बाजू आता भिंतीइतकीच उजळ झाली, म्हणजे फरक पुन्हा मिटला. तेव्हा आजीची काळी घोंगडी कामी आली. दार आणि मुलगी यांच्या मधे, तिच्यापासून दीड-दोन फुटांवर, चौकटीबाहेर आम्ही ती दोरीवर टांगली. भिंतीपर्यंत जाणारी वाट मात्र मोकळी ठेवली. घोंगडीनं तिच्या अंगावरचा दाराचा उजेड अडवला. शिवाय रेशीम चमकदार असल्यामुळे आजूबाजूला जे असेल ते त्यात उतरतं. उजव्या कडेला घोंगडीचा काळेपणा उतरला आणि खांद्यापासून निऱ्यांपर्यंत एक गडद रेघ उमटली. मागे उजळ निळी भिंत, पुढे गडद निळी कड. सुती साडीवर ही रेघ इतकी ठसठशीत येत नाही, कारण सुतात चमक नसते.

मोबाइलची मागचं धूसर करणारी सोय मी इथे वापरली नाही. साडी आणि भिंत एका रंगाची असली, की कापड कुठे संपतं हे ठरवताना ती चुकू शकते आणि पदराची कड भिंतीबरोबर पुसली जाते. नंतर फोटो सुधारू, हा भरवसाही इथे पोकळ ठरतो. निळा रंग कमी-जास्त करण्याची पट्टी सरकवली, की साडी आणि भिंत दोन्ही बरोबरीनं बदलतात. त्या पट्टीला दोघींत काही फरक दिसत नाही.

संध्याकाळी गच्चीवर गेलो, तर मागे आकाश, तेही अस्मानीच. आकाश आपल्याला पुढे-मागे सरकवता येत नाही, पण कॅमेऱ्याची उंची बदलता येते. क्षितिजाजवळचं आकाश फिकट, दुधाळ असतं. जसजसं वर पाहावं तसा निळा रंग गडद होत जातो. सूर्यापासून काटकोनात असलेला भाग सर्वांत गडद. सूर्य पश्चिमेला उतरत होता, म्हणून मी तिला उत्तरेच्या कठड्याजवळ उभं केलं आणि स्वतः खाली बसले. त्यामुळे तिच्यामागे क्षितिजाचा फिकट पट्टा न येता वरचं गडद आकाश आलं. मावळतीचं ऊन डावीकडून तिच्या साडीवर पडत होतं. एक्स्पोजर थोडं उतरवल्यावर आकाश आणखी गडद झालं, आणि उजवीकडून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून सावलीतला चेहरा भरून काढला. भिंत उजळता आली तसं आकाश उजळता येत नाही, म्हणून इथे सावलीची बाजूच उजळावी लागली. पोलरायझर असेल तर काटकोनातलं आकाश तो आणखी काळवंडवतो. मात्र रुंद लेन्सवर आकाशात डाग पडल्यासारखा असमान गडदपणा येतो.

यातलं काहीच ढगाळ दिवशी चालत नाही. आषाढातलं पांढरं आकाश काटकोनातही पांढरंच राहतं आणि पोलरायझर त्याचं काही करू शकत नाही. तेव्हा पांढऱ्या किंवा फिकट कपड्यातल्या माणसाला गच्चीवर उभं करून काढायचं असेल, तर मी स्टुलावर चढते आणि कॅमेरा खाली कलवते, म्हणजे मागे आकाशाऐवजी शेजारच्या आंब्याचा शेंडा किंवा भिजून काळी पडलेली कौलं येतात.