उक्त्या कामातली जोखीम जाते कुठे?

किंमत ठरवून काम उक्तं दिलं की जोखीम ठेकेदाराची, आणि झालेला खर्च भरून द्यायचं कबूल केलं की जोखीम मालकाची. घर बांधणाऱ्यांपासून सरकारी खात्यांपर्यंत सगळे हे सूत्र धरून चालतात. वाढीव पैशांपुरतं ते खरंही आहे. पण मालकाला पैसे वाढण्याचीच भीती असते असं नाही. काम वेळेवर न होणं आणि नीट न होणं ही जोखीमसुद्धा कोणाला तरी वाहावी लागते, आणि ती कराराच्या नावावरून ठरत नाही.

अमेरिकी हवाई दलाने हे मोठ्या किमतीत अनुभवलं. उडत्या विमानांना हवेतच इंधन पुरवणाऱ्या केसी-४६ विमानाच्या विकासाचं काम २०११ साली बोइंगला मिळालं. करारात ४.९ अब्ज डॉलरची कमाल मर्यादा होती. त्यापुढचा सगळा खर्च बोइंगचा. खर्च मर्यादेबाहेर गेला. तारांच्या जुळण्या एकमेकींपासून पुरेशा अंतरावर नव्हत्या, त्या नव्याने आखाव्या लागल्या. अशी एकेक अडचण निघत बोइंगचा तोटा ७ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. सूत्र मानणारे म्हणतील, बघा, करदाता वाचला.

तो किती वाचला? २०१७ च्या ऑगस्टपर्यंत १८ विमानं मिळायची होती. पहिलं मिळालं २०१९ च्या जानेवारीत, तेही दोषांसकट. या विमानात इंधननळी जोडणारा कर्मचारी मागच्या खिडकीतून बघत नाही, पुढे बसून कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतो. ठरावीक उन्हात आणि सावलीत त्याला अंतराचा नीट अंदाज येईना, आणि नळी समोरच्या विमानाला घासण्याचा धोका निर्माण झाला. नवी कॅमेरा व्यवस्था स्वखर्चाने द्यायचं बोइंगने २०२० मध्ये मान्य केलं, पण तिची तारीख पुढे सरकत राहिली. तोवर दोष सांभाळून उड्डाणं करणं वैमानिकांच्या वाट्याला आलं. ती किंमत बोइंगच्या ताळेबंदात दिसत नाही.

त्याहून बोलकी गोष्ट नळीच्या ताठपणाची. ए-१० सारख्या कमी जोराने पुढे सरकणाऱ्या विमानाला ती दाबून जोडताच येत नव्हती. पण करारात नळीसाठी जे मापदंड लिहिले होते, ते बोइंगने पाळले होते. त्यामुळे हा बदल हवाई दलाला स्वतःच्या पैशाने करून घ्यावा लागला. किंमत पक्की असली तरी जे लिहायचं राहिलं, ते मालकाच्याच अंगावर येतं.

म्हणून माझं म्हणणं असं: ज्याचा अंदाज दोघांपैकी कोणालाच नाही, ते काम उक्तं देऊ नये. काळ्या जमिनीतल्या घराच्या पायाचं बघा. नकाशात दीड मीटर खोली धरली आणि कठीण मुरूम अडीच मीटरवर लागला, तर उक्त्यात सापडलेल्या ठेकेदारापुढे दोनच वाटा असतात. एक तर त्याने आधीच भीतीपोटी दर फुगवून लावलेला असतो, नाहीतर तो मुरूम लागण्याआधीच खोदाई थांबवतो. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तडे जातात तेव्हा ठेकेदार पुढच्या कामावर असतो. इथे खोदाई आणि पायाचं काम घनमीटरच्या दराने, प्रत्यक्ष मोजून द्यावं. खोली मालकाच्या अभियंत्याने पाहून मान्य करावी. जोत्याच्या वर अंदाज पक्का असतो. तिथे उक्तं खुशाल द्यावं.

खर्च भरून देण्याच्या करारावर लुटीचा आक्षेप घेतात. तो रास्त आहे, पण ठेकेदाराचा मोबदला खर्चाच्या टक्केवारीत असेल तेव्हा. कारण मग खर्च वाढला की नफाही वाढतो. अमेरिकी सरकारी खरेदीत अशी टक्केवारी कायद्यानेच बंद आहे. मोबदल्याची रक्कम आधीच ठरवली, तर जास्त खर्च करून ठेकेदाराच्या मोबदल्यात भर पडत नाही. मालकाला मात्र प्रत्येक बिल तपासणारा माणूस ठेवावा लागतो. तो ठेवायची तयारी नसेल, तर या करारात पडू नये.

राहिलं रोजावरचं काम, म्हणजे तासांचे पैसे वेगळे आणि साहित्याचे वेगळे. तासाच्या दरातच नफा असल्यामुळे लांबलेला प्रत्येक तास ठेकेदाराला फायद्याचा. म्हणूनच अमेरिकी सरकारी नियमांनुसार अशा करारात कमाल रक्कम लिहावीच लागते. त्या रकमेने मालकाचे पैसे वाचतात, पण काम पुरं होण्याची हमी मिळत नाही: मर्यादा गाठली की ठेकेदार अर्ध्यावर थांबू शकतो. तेव्हा रोज संध्याकाळी तासांची नोंद दोघांच्या सहीने व्हावी, आणि निम्मी रक्कम संपली की किती काम उरलं हे जागेवर मोजावं. दुरुस्तीसारख्या, भिंत फोडल्याशिवाय न कळणाऱ्या कामाला याहून बरा करार मला माहीत नाही.