रजेवरून येणाऱ्या ताईंसाठी एक कागद

तालुक्याच्या गावातल्या एका सहकारी बँकेत नोकरी करणाऱ्या भगिनीचे पत्र नोव्हेंबर 2025च्या अखेरीस आले होते. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या ताई 16 जूनपासून बाळंतपणाच्या रजेवर होत्या. सव्वीस आठवडे पुरे करून त्या सोमवारी, 15 डिसेंबरला हजर होणार होत्या. तोवर त्यांचे काम हीच पाहत होती. ‘सहा महिन्यांत एवढं बदललंय, की कुठून सांगायला सुरुवात करू तेच कळत नाही,’ असे तिने लिहिले होते. सोबत तिने केलेले टिपण होते. पाठपोट सहा पाने, जूनपासून महिन्यावार! जुलैत गळक्या छपराची डागडुजी झाली, ऑगस्टमध्ये शिपाई बदलला, असे सगळे क्रमाने.

टिपण मेहनतीचे होते, यात शंका नाही. पण तान्ह्या बाळाला घरी ठेवून आलेली बाई पहिल्या सकाळी सहा पाने वाचणार कधी? आणि खरी अडचण लांबीची नव्हतीच. तिने दुपारच्या आत जाणून घ्यायला हवी अशी गोष्ट पाचव्या पानावर, ऑक्टोबरच्या मथळ्याखाली होती. मी तिला कळवले, की महिने बाजूला ठेव. प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचार: हे त्यांना आज कळले नाही, तर आजच कुणाचे नुकसान होईल का? ज्याचे उत्तर ‘हो’ येईल ते वर. मग ज्या कामासाठी कुणी माणूस खोळंबला आहे ते. बाकीचे आठवड्याभरात बोलता बोलता कळते, ते लिहूच नये.

या चाळणीतून सर्वांत वर आले ते चेकचे काम. ताई रजेवर गेल्या तेव्हा आपल्या खातेदारांनी दिलेले चेक वटणावळीत गठ्ठ्याने येत आणि निर्णयाला दुसऱ्या दिवसापर्यंत सवड मिळे. रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2025पासून ही रीत बदलली. चेकची चित्रे सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत एकामागून एक येत राहू लागली, आणि प्रत्येकाला त्याच दिवशी संध्याकाळी सातच्या आत होकार किंवा नकार देणे आले. सातपर्यंत काहीच कळवले नाही, तर होकार धरला जातो! म्हणजे जुन्या सवयीने ‘ही सही जरा वेगळी दिसते, उद्या साहेबांना दाखवू’ म्हणून चेक बाजूला ठेवला, तर उद्यापर्यंत पैसे गेलेले असतात. जून महिन्यात जी सावधगिरी होती तीच डिसेंबरात चूक ठरते, आणि कामसू बाई त्यात जास्त लवकर सापडते. म्हणून तिला कळवले, की नुसते ‘पद्धत बदलली’ असे लिहू नकोस. कुठली जुनी सवय सोडायची ते लिही.

तिने मग कागदाच्या डोक्यावर असे लिहिले:

‘ताई, आलेला चेक उद्यावर ठेवायचा नाही. दर तासाला स्क्रीन बघायची. सही जुळत नसेल किंवा शिल्लक कमी असेल तर लगेच साहेबांना दाखवायचं. खातेदाराला फोन करायचा तो चारच्या आत, म्हणजे त्याला यायला वेळ मिळतो. घरी निघण्याआधी निर्णय न झालेले चेक शून्य आहेत ना, ते बघायचं. 3 जानेवारीपासून तीनच तासांत उत्तर द्यावं लागेल असं परिपत्रक आहे. हे 12 डिसेंबरला लिहिते आहे.’

शेवटची तारीख मी मुद्दाम घालायला सांगितली होती. पुढे डिसेंबर संपता संपता रिझर्व्ह बँकेने तो तीन तासांचा टप्पा लांबणीवर टाकला. कागदावर तारीख होती म्हणून ताईंना परिपत्रकाच्या फाईलशी ताडून पाहता आले. बिनतारखेचा कागद चार आठवड्यांनी कुणाला चकवील, सांगता येत नाही.

दुसरी बाब वारसनोंदीची, म्हणजे आपण नॉमिनी म्हणतो त्याची. पूर्वी ठेवीवर एकच नाव लावता येई. 1 नोव्हेंबर 2025पासून चारपर्यंत नावे लावता येतात. ठेवीच्या खात्यावर ती दोन तऱ्हांनी येतात. एक तर सगळ्यांना एकदम, ज्याचा त्याचा हिस्सा लिहून. नाहीतर एकामागून एक, म्हणजे पहिला हयात नसेल तर दुसऱ्याला. लॉकरला मात्र हिश्शाची सोय नाही, तिथे एकामागून एकच. इथे घोटाळा कसा होतो, ते तिने एका अर्जावरून दाखवले आहे. एका गृहस्थांनी पत्नीला पन्नास टक्के, मुलाला वीस आणि मुलीला वीस असे लिहून दिले. बेरीज नव्वद! उरलेले दहा कुणाचे? अर्ज टेबलाच्या खणातच होता, कारण गृहस्थ मुलीकडे परगावी गेले होते आणि सोमवारी यायचे होते. म्हणून ही बाब दोनदा लिहिली गेली, एकदा बदल म्हणून आणि एकदा अडलेले काम म्हणून: ‘हिश्शांची बेरीज शंभर बघायची, मगच अर्ज घ्यायचा. खणातला निळा फोल्डर: काका सोमवारी अकराला येतील, दहा टक्के कुणाचे ते त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं. आपण सुचवायचं नाही.’ शेवटचे वाक्य मला फार आवडले. कुणाच्या घरात कुणाला किती, हे सांगायला आपण कोण?

अडलेल्या कामांत आणखी एकच होते. नवऱ्याच्या ठेवीसाठी खेपा घालणारी एक बाई. अशा कामाबद्दल नुसते ‘बाकी आहे’ लिहिण्यात अर्थ नसतो. काय आले, काय यायचे आणि आता कुणी हलायचे, हे तिन्ही हवे. तिने लिहिले: ‘मृत्यूचा दाखला मिळाला, अर्ज मिळाला. ओळखपत्रावर माहेरचं नाव आहे, म्हणून लग्नाचा दाखला मागितलाय. तो मिळाला की काम आपल्याकडे. त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला लावायचं नाही.’

कागदाखेरीज दोन गोष्टी आधीच करून ठेवाव्यात असे मी कळवले होते. लांब रजेत कर्मचाऱ्याचा संगणकावरचा आयडी बंद करून ठेवतात. तो सुरू करायला मुख्य कचेरीला लिहावे लागते आणि तिथे वेळ जातो. तेरा तारखेला दुसरा शनिवार, चौदाला रविवार. तेव्हा पत्र बारा तारखेच्या पुष्कळ आधी जायला हवे. नाहीतर सोमवारी ताई हिच्याच आयडीवर बसणार, आणि त्यांनी दिलेला प्रत्येक होकार हिच्या नावावर चढणार. असली मैत्री दोघींनाही महागात पडते बरे का! तसेच लॉकरच्या किल्ल्या. त्या हातोहात देऊ नयेत, नोंदवहीत दोघींच्या सह्या करूनच द्याव्यात.

हे सगळे रजेतच ताईंना फोनवर कळवावे का, असेही तिने विचारले होते. मी नको म्हटले. रजा ती रजा. कागद सोमवारी टेबलावर असला की पुरे.

एक गोष्ट मात्र तिच्या सहा पानांत कुठेच नव्हती. मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला रोजच्या जेवणाच्या सुट्टीखेरीज अंगावर पाजण्यासाठी दोन सुट्ट्या कायद्याने मिळतात. ताईंचे घर बँकेच्या मागच्याच आळीत. पण चेक तर दिवसभर येत राहणार, आणि त्या उठल्या की टेबल रिकामे. आपण मागितले तर कामावर बोट येईल, या संकोचाने पुष्कळ जणी गप्प बसतात. तेव्हा ही व्यवस्था साहेबांशी बोलून आधीच ठरवायला तिला सांगितले. कागदाच्या तळाशी तिने लिहिले: ‘साडेअकरा आणि साडेतीनला तुम्ही घरी जाऊन या, साहेबांना माहीत आहे. तेवढा वेळ तुमची स्क्रीन मी बघते, माझ्या आयडीवर.’

सहा पानांचा कागद असा दीड पानावर आला. छपराचे आणि शिपायाचे ताईंना पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी कळले म्हणे.