GND म्हणजे जमीन नव्हे

मी भाषेचा शिक्षक. सकाळी उर्दू, दुपारी मराठी. इलेक्ट्रॉनिक्सशी माझा संबंध घरचा फ्यूज बदलण्यापुरता. तरीही अकोल्याच्या एका शाळेतल्या विज्ञान शिक्षकांनी एक इंग्रजी पाठ माझ्याकडे पाठवला आणि म्हणाले, "सर, एवढं मराठीत करून द्या. पोरांना बोर्ड हाताळता येतो, कागद वाचता येत नाही." नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत, २०१६ पासून, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अनेक शाळांत आर्डुइनोचे संच आले. बोर्ड आला, तारा आल्या, सेन्सर आले. सोबतचा पाठ मात्र बहुतेक वेळा इंग्रजीतच.

पाठ साधा होता. कुंडीतल्या मातीत सेन्सरचे दोन पाय खुपसायचे, माती कोरडी की ओली ते मोजायचे आणि आकडा संगणकाच्या पडद्यावर पाहायचा. वऱ्हाडात याहून जवळचा विषय कोणता असणार? मी दोन संध्याकाळी बसून भाषांतर केले आणि कार्यशाळेला स्वतः गेलो.

पहिल्याच गटात गडबड झाली. कुंडीत तांब्याभर पाणी ओतले तरी पडद्यावरचा आकडा 1023 च्या आसपासच अडकलेला. सेन्सरसोबतच्या छोट्या पट्टीवरचा लाल दिवाही लागेना. विज्ञान शिक्षकांनी तारा तपासल्या, तेव्हा दिसले की GND ची तार बोर्डाला नाही, थेट कुंडीतल्या मातीत खुपसली आहे. सातवीतला मुलगा निरागसपणे म्हणाला, "तुमीच लिवलं ना जी सर, जमिनीला जोडा म्हणून!"

मीच लिहिले होते. इंग्रजीत 'ग्राउंड' होते, मी 'जमीन' केले. मुलाचे तर काहीच चुकले नव्हते. त्याने घरामागे अर्थिंगचा खड्डा पाहिलेला, त्यात मीठ-कोळसा टाकून पुरलेली तार पाहिलेली. जमिनीला तार जोडायची म्हणजे मातीत पुरायची, हे त्याचे ज्ञान खरे होते. पण बोर्डावरचा GND म्हणजे वीज परत येण्याची सामाईक जागा. सगळ्या भागांचे GND एकमेकांना जोडले नाहीत तर वर्तुळ पूर्ण होत नाही. म्हणून दिवा लागला नाही आणि मोजमापाची तार 5V च्या बाजूलाच टांगून राहिली. ती शेवटचा मोठा आकडा दाखवत बसली.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. बोर्डावर जे छापले आहे आणि पडद्यावर जे दिसते, ते अक्षर न् अक्षर तसेच ठेवायचे. GND, 5V, A0, VIN ही नावे आहेत, आणि नावांचे भाषांतर होत नाही. त्यांचा अर्थ बाजूला मराठीत खुशाल सांगावा, पण जोडणीच्या वाक्यात मुलाच्या डोळ्यांना कागदावर आणि बोर्डावर एकच खूण दिसली पाहिजे.

यात एक बारीक खोच आहे. सेन्सरच्या पट्टीवर AO आणि DO अशा दोन पिना असतात. तिथे O हे अक्षर आहे, 'आउटपुट'चे. बोर्डावर मात्र A0 मध्ये शून्य आहे. काही पट्ट्यांवर छापणाऱ्यानेच शून्य छापलेले असते, म्हणजे गोंधळात भर. मी आधी दोन्हीकडे 'ए-झिरो' असे लिहिले होते, तेव्हा एका मुलीने त्याच तर्काने पट्टीवरची D0 बोर्डाच्या 0 क्रमांकाच्या पिनेत घातली. ती पिन संगणकाकडून येणारा मजकूर घेते. तिथे दुसरी तार बसली की प्रोग्राम बोर्डावर चढायलाच अडतो. आता मी लिहितो: 'पट्टीची AO पिन, म्हणजे अक्षर ओ, बोर्डाच्या A0 पिनेला, म्हणजे शून्य.' वाक्य लांब होते, पण तार बरोबर जागी जाते.

दुसरी चूक छपाईची. भाषांतर मी वर्ड फाइलमध्ये केले होते. टायपिंग करून देणाऱ्याने नेहमीच्या सवयीने सगळे इंग्रजी आकडे एका झटक्यात देवनागरी केले. मराठी पाठ्यपुस्तकात तेच योग्य. पण मुलांनी कागदावर पाहून कोडमध्ये '१३' टाइप केले, आणि पडद्यावर तांबड्या अक्षरांत उमटले:

```
error: stray '\340' in program
```

याचा अर्थ विज्ञान शिक्षकांनी समजावला आणि तो प्रत्येक मराठी शाळेत भिंतीवर लावावा असा आहे. देवनागरीचे प्रत्येक अक्षर संगणकात तीन बाइटांत साठवले जाते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी 340 असतो. तेव्हा '\340' दिसले की ओळखावे, देवनागरी अक्षर किंवा आकडा कोडमध्ये चुकीच्या जागी घुसला आहे. '\342' दिसले तर बहुधा वर्डने सरळ अवतरणचिन्हाचे वळणदार चिन्ह केले आहे. आणि `'DigitalWrite' was not declared` असे आले तर वर्डने ओळीचे पहिले अक्षर आपणहून मोठे केले आहे. म्हणून कोड वर्डमध्ये टाइप करायचाच नाही. आर्डुइनोच्या खिडकीतच लिहायचा आणि तिथूनच उचलायचा. या लेखातही पाहा, वर्ष मी २०१६ असे लिहिले आहे आणि पिनेवरचे आकडे बोर्डावर आहेत तसे.

मग मराठी जाईल कुठे? कमेंटमध्ये. दोन तिरप्या रेघांनंतर ओळ संपेपर्यंत जे लिहाल ते यंत्र वाचत नाही. तिथे देवनागरी बिनधास्त चालते, फक्त फाँट युनिकोड हवा. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर चिकटवला तर तिथे निरर्थक चिन्हे दिसतात. आणि कमेंट आखूड ठेवावी. मराठी वाक्य लांबले आणि एंटर दाबून खालच्या ओळीवर आले की ती ओळ कोड समजली जाते आणि पुन्हा '\340' हजर. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी हाच पाठ करताना आणखी एक गोष्ट कळली. डावीकडून चालणाऱ्या कोडच्या शेवटी उजवीकडून चालणारी उर्दू कमेंट आली की पडद्यावर आकडे आणि चिन्हे जागा बदलल्यासारखी दिसतात. म्हणून उर्दू कमेंट मी स्वतंत्र ओळीवर ठेवतो. मराठीला ती अडचण नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. कोड चुकला तर यंत्र ओरडते. कमेंट चुकली तर यंत्र गप्प बसते, कारण ते तिकडे पाहतच नाही. म्हणजे आपण ज्या भागाचे भाषांतर करतो, नेमका तोच भाग कुणी तपासत नाही. मूळ पाठात आकडा वाचणाऱ्या ओळीसमोर 'मॉइश्चर' असे लिहिले होते. मी 'ओलावा' लिहिले. शब्दकोशाप्रमाणे बरोबर. मुलांनी अर्थातच धरले की आकडा मोठा म्हणजे ओलावा जास्त. पण या सेन्सरमध्ये उलटे होते. माती ओली झाली की तिच्यातून वीज सहज जाते आणि आकडा उतरतो. मुलांनी बसवलेला बझर कुंडी भिजल्यावर वाजू लागला. एकही तांबडी ओळ आली नाही. बाजारात काही सेन्सर असेही आहेत, ज्यांचा आकडा ओल्या मातीत वाढतो. त्यामुळे ही कमेंट शब्दकोशातून लिहिताच येत नाही. आधी सेन्सर कोरड्या हवेत धरायचा, मग त्याचे दोन पायच पेल्यातल्या पाण्यात बुडवायचे, दोन्ही आकडे टिपायचे आणि मगच लिहायची. आज आमच्या कागदावर असे आहे:

```
const int soilPin = A0;  // पट्टीची AO इथे
const int powerPin = 7;  // पट्टीच्या VCC ला वीज इथून

void setup() {
  pinMode(powerPin, OUTPUT);
  Serial.begin(9600);
}

void loop() {
  digitalWrite(powerPin, HIGH);  // मोजताना वीज सुरू
  delay(10);
  int reading = analogRead(soilPin);  // मोठा आकडा = कोरडी माती
  digitalWrite(powerPin, LOW);  // पाय गंजू नयेत म्हणून बंद
  Serial.println(reading);
  delay(5000);  // 5 सेकंद थांब
}
```

सतत वीज दिली की ओल्या मातीत सेन्सरचे पाय लवकर खराब होतात, म्हणून वीज 7 क्रमांकाच्या पिनेतून फक्त मोजताना दिली आहे. मूळ पाठात '500 च्या वर म्हणजे कोरडी' अशीही एक कमेंट होती. ती मी काढून टाकली. तो आकडा कुणाच्या तरी दुसऱ्या मातीचा होता. आपली काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सरचा पाय भेगेत राहिला तर खाली ओल असूनही आकडा चढतो. त्या जागी आता लिहिले आहे: 'तुझ्या कुंडीत मोजून हा आकडा ठरव.'

काही मित्र म्हणतात, सगळेच मराठी करा, `digitalWrite` लाही 'अंकीय लेखन' म्हणा. काही म्हणतात, भाषांतर कशाला, शेवटी इंग्रजीच लागते. मला दोन्ही पटत नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आवाज भारतीय भाषांत येतो आणि पडदा मूळचाच राहतो. आर्डुइनोवरही त्यांची मालिका आहे. कागदावरही तीच रीत चालावी. `soilPin` सारखी नावे तशीच ठेवावीत. नाहीतर एक मूल 'olava' लिहिते, दुसरे 'olaava' आणि दोघांची तांबडी ओळ वेगळी. पण ती ओळ का लिहिली, हे मुलाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे, आणि ते खरे असले पाहिजे.

परवा तो सातवीतला मुलगा पुन्हा भेटला. त्याने `GND` समोर स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: 'मातीत नाही, बोर्डात.' पुढच्या छपाईत मी तीच कमेंट घेतली आहे.