कांद्याचे अनुदान आणि दोन कपाटे

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्या सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. गाडीभाडे, हमाली आणि तोलाई वजा जाता हातात राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. व्यापाऱ्याने एकोणपन्नास पैसे सोडून दोन रुपयांचा धनादेश दिला, आणि तोही पुढची तारीख घालून! त्या धनादेशाचे छायाचित्र देशभर छापले गेले. आमच्या घरीसुद्धा त्या दिवशी भजी तळताना सौ. म्हणाल्या, "आज कांदा जरा जपून चिरते हो."

पुढच्याच महिन्यात सरकारने अनुदान जाहीर केले. आधी क्विंटलला ३०० रुपये म्हटले, मग ३५० केले. एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, आणि कांदा १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात विकलेला हवा. माझ्या मामेभावाने या काळात १२० क्विंटल कांदा सोलापुरात आणला होता. साडेतीनशेने गुणले की बेचाळीस हजार होतात. एवढा हिशेब त्याने बाजारातून घरी परतताना एस. टी. तच करून टाकला होता. त्यातून विहिरीवरची मोटार दुरुस्त व्हायची होती आणि धाकटीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते.

त्या बेचाळीस हजारांची ही हकीकत आहे. यात कुणी खलनायक नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अर्जाची रीत अशी होती. जिथे कांदा विकला त्या बाजार समितीत अर्ज द्यायचा. सोबत विक्रीची मूळ पट्टी, कांद्याची नोंद असलेला सात-बारा, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाचे पहिले पान. बाजार समितीने याद्या करायच्या, त्या सहकार खात्याच्या तालुक्याच्या निबंधकाकडून तपासून जिल्हा उपनिबंधकांकडे आणि तेथून पुण्याला पणन संचालनालयाकडे जायच्या. म्हणजे एका अर्जाला चार उंबरठे! मामेभावाने सोमवार, १७ एप्रिल २०२३ रोजी अर्ज दिला. कचेरीच्या कामाला तो सोलापुरात सोमवारीच येतो. आधी सिद्धेश्वराचे दर्शन आणि मग कामे, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम आहे. त्यामुळे या हकीकतीतल्या त्याच्या अर्जांच्या साऱ्या तारखा सोमवारच्याच आहेत.

सप्टेंबरात गावातल्या लोकांच्या खात्यावर पैसे पडले. पुरते नव्हेत. ज्या दहा जिल्ह्यांची मागणी मोठी होती, त्यांत आपला सोलापूर होता, आणि या जिल्ह्यांत पहिल्या खेपेला प्रत्येकी दहा हजारांपर्यंतच रक्कम सोडली होती. पण मामेभावाच्या घरी दहा रुपयेही आले नाहीत. मग तो अर्जांना लागला. ११ सप्टेंबरला एक, ९ ऑक्टोबरला दुसरा, २० नोव्हेंबरला तिसरा. प्रत्येक अर्ज आधीच्याहून लांब आणि आधीच्याहून करुण. तिसऱ्यात तर त्याने दोन रुपयांच्या धनादेशापासून सुरुवात करून आजोबांच्या दुष्काळी कामापर्यंत मजल मारली होती.

डिसेंबरात तो माझ्याकडे आला आणि वैतागून म्हणाला, "दादा, मोठ्या साहेबांची कुणाची ओळख असंल तर बघ की."

मोठ्या साहेबांची माझी ओळख नाही. पण आमच्या शेजारी अण्णा राहतात. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर मामेभावाला नेले. त्याने कहाणी सुरू केली तसे अण्णांनी हात वर केला.

"पाहुणे, गोष्ट मागाहून. नंबर काय?"

"कसला नंबर?"

"कागदाचा. कागद म्हटला की त्याला नंबर आणि तारीख असते. नाही तर ती रद्दी."

मामेभावाने प्लॅस्टिकची पिशवी ओट्यावर ओतली. त्यातून औषधांच्या पावत्या आणि एक लग्नपत्रिका निघाली, आणि शेवटी अण्णांना हवे होते तेही. अण्णांनी चष्मा चढवला आणि कागद तारखेप्रमाणे लावले. त्यांत १२ जून २०२३ चे एक पत्र होते, कचेरीने टपालाने घरी पाठवलेले. मामेभाऊ ते विसरूनच गेला होता.

पत्रात लिहिले होते की सात-बारा वडिलांच्या नावे आहे आणि विक्रीच्या पट्ट्या मुलाच्या नावे आहेत, तरी सहमतीचे शपथपत्र सादर करावे. हे योजनेच्या नियमाला धरूनच होते. अशा प्रकरणात कुटुंबाने शपथपत्र द्यायचे आणि अनुदान सात-बारा ज्याच्या नावे त्याच्या खात्यात जमा व्हायचे. पत्राच्या डोक्यावर जावक क्रमांक ४१२ होता.

"मग शपथपत्र दिले का नाही?" अण्णांनी विचारले.

"दिलं की! २६ जूनला स्वतः नेऊन दिलं. हा बघा शिक्का." खरोखरच पोचेवर आवक क्रमांक ११८७ आणि शिक्का होता. अण्णांनी त्या अर्जाची प्रत वाचली. विषय होता "कांदा अनुदान मिळणेबाबत". ४१२ चा उल्लेख कुठेच नव्हता. अण्णांनी चष्मा काढून ओट्यावर ठेवला.

"इथेच गाडी रुळावरून उतरली," ते म्हणाले.

मग त्यांनी जे समजावले ते मला जन्मात कुणी सांगितले नव्हते. आपल्याकडे कचेऱ्यांत कारकुनाने आपले कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धत आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरल्या मुदतीने पाठवायची विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची. आपण बाहेरचे लोक पहिल्या गठ्ठ्यालाच भितो. पण पहिल्या गठ्ठ्यातला कागद निदान रोज नजरेसमोर असतो. खरे भय दुसऱ्याचे. प्रतीक्षाधीन म्हणजे कचेरीने पत्र लिहिले आहे आणि आता उत्तराची वाट पाहत आहे. उत्तर येईपर्यंत कारकुनाच्या मते चेंडू तुमच्या अंगणात असतो. तो निवांत, आणि तुम्हीही निवांत, कारण तुमच्या मते चेंडू त्याच्या अंगणात!

आता मामेभावाचे शपथपत्र आवक टेबलावर आले तेव्हा काय झाले असेल? टपाल घेणाऱ्याने विषय वाचला. मागच्या पत्राचा नंबर नाही, म्हणजे नवे प्रकरण. त्याने नवा क्रमांक घातला आणि तक्रारी पाहणाऱ्या टेबलाकडे टाकले. तिकडे ४१२ चे प्रकरण दुसऱ्या कपाटात शपथपत्राची वाट पाहत राहिले. प्रश्न आणि उत्तर एकाच खोलीत, दोन कपाटांत, पाच महिने! पुढच्या तीन अर्जांनी त्यात आणखी तीन क्रमांकांची भर घातली एवढेच. आपण जितके अर्ज करतो तितकी निकड दिसते असे आपल्याला वाटते. आवक टेबलावर मात्र तितकी वेगवेगळी माणसे दिसतात.

"हे तुम्ही इथे बसून कसे ओळखलेत?" मी विचारले. अण्णा म्हणाले, "गावाला पहिला हप्ता आला आणि यांना नाही, म्हणजे निधीची अडचण नव्हे. अर्ज फेटाळल्याचे कळवलेले नाही, म्हणजे प्रकरण जिवंत आहे. आणि कचेरीचे शेवटचे पत्र प्रश्न विचारणारे आहे. मग आणखी काय असणार?"

त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि पत्र सांगितले. दोन रुपयांचा धनादेश नाही, आजोबा नाहीत.

"विषय : कांदा अनुदान, मूळ अर्ज दि. १७.४.२०२३. संदर्भ : १) आपले पत्र जा. क्र. ४१२, दि. १२.६.२०२३. २) आमचे शपथपत्र, आपला आवक क्र. ११८७, दि. २६.६.२०२३. महोदय, संदर्भ १ अन्वये मागितलेले शपथपत्र संदर्भ २ अन्वये सादर केले आहे. ते मूळ प्रकरणात समाविष्ट झाले आहे किंवा कसे, आणि प्रकरण सध्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे लेखी कळवावे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत."

खाली मामांची सही हवी, असा अण्णांचा हट्ट होता, कारण सात-बारा त्यांचा. तीन अर्ज मुलाच्या सहीचे गेले होते, म्हणजे कागदोपत्री भलताच माणूस ओरडत होता.

मी म्हटले, "अण्णा, जरा कायद्याचा धाक घालू या का?" कायदा आहे, आणि चांगला आहे. महाराष्ट्राचा २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा अधिनियम सांगतो की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत तिचा निर्णय व्हावा. शिवाय माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये भरायचे आणि तीस दिवस थांबायचे.

अण्णा म्हणाले, "ते भात्यात ठेवा. आणि माहिती मागायची वेळ आलीच तर 'अनुदान का दिले नाही' असे विचारू नका. ते का देत बसणे कुणाला बंधनकारक नाही. ४१२ च्या फाइलवरच्या टिपणीची आणि नोंदवहीतल्या नोंदीची प्रत मागा. असलेल्या कागदाची प्रत द्यावीच लागते. पण आज नको. आधी त्याला चूक सुधारायची वाट द्या. धाक घातला की माणूस फाइल शोधायच्या आधी बचाव शोधतो."

दुसरी गोष्ट त्यांनी मामेभावाला बजावली. या पत्राने प्रकरण यादीत येईल, पैसे येतीलच असे नाही. सरकारने निधी सोडला तर यादीतल्या माणसाला मिळेल, आणि सोडला नाही तर जगातला कुठलाही संदर्भ क्रमांक उपयोगाचा नाही. मामेभावाचा चेहरा पडला. मला वाटते, ते तेव्हाच सांगितले हे बरे झाले.

४ डिसेंबरला, अर्थात सोमवारी, मामा स्वतः आले. ऐंशीच्या घरातले मामा जिना चढले, पत्र दिले, आणि अण्णांच्या सांगण्याप्रमाणे आपल्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेईपर्यंत जागचे हलले नाहीत. तिथल्या तरुण कारकुनाने दोन्ही नंबर पाहिले, मागचे कपाट उघडले आणि म्हणाला, "बाबा, बसा जरा." पाऊण तासाने तो शपथपत्र हातात घेऊन आला. त्याच्याही तोंडावर आश्चर्य होते, असे मामा सांगतात.

पंधरवड्यात लेखी उत्तर आले की प्रकरणाची पूर्तता झाली असून नाव पुरवणी यादीत घेतले आहे. पुढल्या वर्षी पैसे आले, तेही हप्त्याहप्त्याने. मामेभाऊ मात्र आपल्याच पासबुकात रोज पाहत होता आणि "अजून नाही" म्हणत होता. मामांच्या खात्यात पहिला हप्ता पडून अकरा दिवस झाल्यावर बँकेतल्या शिपायाने त्यांना सांगितले!

मोटार दुरुस्त झाली. वसतिगृहाचे पैसे तोवर मामीने पाटल्या गहाण ठेवून भरले होते. त्या सोडवून आणल्या.

गेल्या दिवाळीत मामेभाऊ फराळाला आला तेव्हा अण्णांसाठी कांद्याची पिशवी घेऊन आला होता. पिशवीवर चिठ्ठी होती : "संदर्भ : आपला ओटा, दि. ३.१२.२०२३." अण्णांनी ती वाचली, खिशातून पेन काढले आणि कोपऱ्यात लिहिले, "आवक, क्र. १."

सौ. नी त्याच कांद्याची भजी केली. या वेळी त्यांनी हात आखडता घेतला नाही.