औषध लागू पडल्यावर वाढणारी गाठ

घाटकोपर पश्चिमेला डोंगरउतारावरच्या एका खोलीत राहणारा आणि अंधेरीच्या एका कारखान्यात काम करणारा ३५ वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर आणावा. तो कोणी एक माणूस नाही. टीबी आणि एचआयव्ही एकत्र असलेल्या अनेक रुग्णांची जी वाट असते, ती त्याच्या रूपाने पाहायची आहे. दोन महिने ताप, वजन ४६ किलोवर आलेले, मानेला सुपारीएवढी गाठ. गाठीतून सुईने काढलेल्या द्रवात सीबीनॅट चाचणीने टीबी सापडतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतात, हेही कळते. एचआयव्हीची तपासणी होते, तीही पॉझिटिव्ह येते. सीडी४ पेशींची संख्या ३८ असते. निरोगी माणसात ती साधारण ५०० च्या वर असते.

टीबीचे उपचार सुरू होतात. दहाव्या दिवशी ताप जातो, भूक लागते. पंधराव्या दिवशी एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी गोळ्या सुरू होतात. घरच्यांना वाटते, आता संकट टळले. मग एआरटीच्या बाराव्या दिवशी पुन्हा १०२ ताप. मानेची गाठ लिंबाएवढी होते, लाल आणि मऊ होते, खोकला वाढतो. नव्या एक्स-रेमध्ये आधी नव्हते ते डाग दिसतात. घरात एकच निष्कर्ष निघतो: नव्या गोळ्यांनी घात केला. गोळ्या कपाटात जातात.

गोळ्या बंद करण्याचा हा निर्णय अनेकदा मूळ त्रासापेक्षा जास्त धोक्याचा ठरतो. कारण या माणसाला जे झाले आहे ते बहुधा औषध हरल्याचे नसून लागू पडल्याचे लक्षण आहे. वैद्यकात त्याला ‘इम्यून रिकॉन्स्टिट्यूशन इन्फ्लमेटरी सिंड्रोम’ म्हणतात. डॉक्टर थोडक्यात ‘आयरिस’ म्हणतात. साध्या मराठीत, प्रतिकारशक्ती परत येताना उठणारा दाह.

हे समजायला एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ताप, सूज, पू हे टीबीचे जंतू थेट तयार करत नाहीत; जंतूंशी लढताना आपले शरीरच ते तयार करते. सीडी४ ३८ असताना शरीरात जंतू भरपूर असतात, पण त्यांच्याविरुद्ध आरडाओरडा करणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. म्हणून गाठ लहान राहते, एक्स-रे जवळजवळ स्वच्छ दिसतो. टीबीची औषधे जंतू मारू लागतात, तरी मेलेल्या जंतूंचे अवशेष गाठींमध्ये आणि फुप्फुसांत पडून असतात. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच एचआयव्हीचे प्रमाण झपाट्याने उतरते आणि पेशी परत येतात. आल्या आल्या त्यांना सगळीकडे टीबीच्या खुणा दिसतात आणि त्या एकदम तुटून पडतात. जिथे जंतू जास्त, तिथे सूज जास्त.

म्हणूनच धोका कोणाला आहे, हे आधी सांगता येते. सीडी४ १००च्या खाली, त्यातही ५०च्या खाली असलेले. टीबी एकाहून अधिक अवयवांत पसरलेला असलेले. आणि टीबीच्या उपचारांनंतर लगेच एआरटी सुरू झालेले रुग्ण. शेवटचा मुद्दा वाचून कोणी म्हणेल, मग एआरटी उशिरा द्या. त्याचे उत्तर कंबोडियातील ‘कॅमेलिया’ चाचणीने २०११ मध्ये दिले. अतिशय कमी सीडी४ असलेल्या ६६१ रुग्णांपैकी निम्म्यांना टीबीच्या उपचारांनंतर दोन आठवड्यांनी आणि निम्म्यांना आठ आठवड्यांनी एआरटी दिली गेली. लवकर औषध मिळालेल्यांत आयरिस जास्त झाला, पण मृत्यू १८ टक्के झाले; उशिरा मिळालेल्यांत २७ टक्के. म्हणजे वाट पाहणे आयरिसपेक्षा महागात पडते. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना दोन आठवड्यांच्या आत एआरटी सुरू करण्यास सांगते. अपवाद मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा. कवटीत सूज यायला जागा नसते, म्हणून तिथे किमान चार आठवडे थांबतात.

पण ताप परत आला की तो आयरिसच, असे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक आहे, आणि मुंबईत ती विशेष महाग आहे. या शहरात औषधांना न जुमानणारा टीबी भरपूर आहे. आयरिस ओळखणारी एकही रक्तचाचणी नाही. बाकीच्या शक्यता एकेक करून खोडाव्या लागतात. गोळ्या खरोखर रोज घेतल्या का? टीबीचे जंतू औषधाला दाद देत आहेत का? दुसरा एखादा संसर्ग आहे का? औषधाची ॲलर्जी किंवा यकृताला त्रास आहे का? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच निदानाला अर्थ येतो.

यात वेळापत्रक मोठी मदत करते. टीबीच्या उपचारांनी आधी बरे वाटले होते आणि एआरटी सुरू झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, बहुतेकदा पहिल्या चार आठवड्यांत, बिघाड झाला, तर आयरिसची शक्यता बळावते. आधी बरे वाटलेच नव्हते, तर संशय औषधप्रतिरोधाकडे वळवावा. घाटकोपरच्या त्या रुग्णाची गाठ पुन्हा सुईने उपसून तो पू चाचणीला पाठवायला हवा. इथे एक फसवी गोष्ट आहे: सीबीनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते. त्यामुळे चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली म्हणून उपचार हरले, असे होत नाही. रिफाम्पिसिनच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहायचे. आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधासाठी वेगळी चाचणी करायची. आणि जंतू खरोखर जिवंत आहेत का, यासाठी कल्चरचा अहवाल येईपर्यंत काही आठवडे धरायचे. त्याच वेळी एचआयव्हीचे प्रमाण मोजले आणि ते घसरलेले दिसले, तर एआरटी काम करते आहे, याचा चांगला पुरावा मिळतो.

उपचार त्रासाच्या तीव्रतेवर ठरतात. गाठ थोडी वाढली आहे, माणूस हिंडतोफिरतो आहे, तर सूज उतरवणारी साधी औषधे आणि गरजेप्रमाणे पू उपसणे पुरते. ताप माणसाला झोपवत असेल, दम लागत असेल, तर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. दक्षिण आफ्रिकेत ११० रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच वर्गातले प्रेडनिसोन वापरले होते. दर किलो वजनामागे रोज दीड मिलिग्रॅम दोन आठवडे आणि नंतर त्याच्या निम्मे दोन आठवडे, अशी मात्रा होती. त्यामुळे रुग्णालयातले दिवस कमी झाले. ४६ किलोच्या माणसाला हे रोज साधारण ७० मिलिग्रॅम होते. हा आकडा मोठा वाटतो, कारण रिफाम्पिसिन यकृताकडून स्टेरॉइडचा निचरा वेगाने करवते. नेहमीची मात्रा अपुरी पडते. टीबीच्या गोळ्या आणि एआरटी या काळात चालूच राहतात. मेंदूतला दाह जिवावर बेतला, तरच एआरटी काही काळ थांबवण्याचा विचार होतो, आणि तो रुग्णालयातच.

आता उपनगरातले वास्तव. ताप आलेला माणूस एआरटी केंद्रात जात नाही. तो गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरला एचआयव्हीबद्दल सांगायची त्याची हिंमत नसते. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. डॉक्टर लिव्होफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक लिहितो. ते टीबीवरही थोडेफार चालते, म्हणून ताप तात्पुरता उतरतो, खरे कारण झाकले जाते आणि आतला टीबी औषधप्रतिरोधी असेल तर एक उपयोगी औषध वाया जाते. किंवा डॉक्टर स्टेरॉइड देतो आणि दोन दिवसांत माणूस ताजातवाना होतो. पण स्टेरॉइड आयरिसमध्ये आराम देते तसाच औषधप्रतिरोधी टीबीतही तात्पुरता देते. फरक इतकाच की दुसऱ्या प्रकारात जंतू मोकळे सुटतात. चाचणी न करता दिलेल्या स्टेरॉइडचा आराम हा कशाचाच पुरावा नसतो.

केप टाउनजवळच्या खायेलित्शा येथील आणखी एका चाचणीने २०१८ मध्ये दाखवले की सीडी४ १०० किंवा त्याहून कमी असणाऱ्यांना एआरटीबरोबरच चार आठवडे प्रेडनिसोन दिले, तर आयरिसचे प्रमाण ४६.७ टक्क्यांवरून ३२.५ टक्क्यांवर येते. ही वाट मुंबईनेही धरावी, असा आग्रह होऊ शकतो. पण त्या चाचणीत रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी असलेले रुग्ण घेतलेच नव्हते. म्हणून प्रतिरोधाचा अहवाल हातात नसताना इथे सरसकट स्टेरॉइड वाटणे योग्य नाही. अहवाल हातात असेल, सीडी४ खूप कमी असेल आणि पाठपुरावा होणार असेल, अशा रुग्णांसाठी मात्र तो विचार टाळू नये.

त्याहून स्वस्त आणि अधिक गरजेचा उपाय एआरटीची पहिली बाटली हातात देताना करता येतो. ‘पुढच्या महिनाभरात ताप परत येईल, गाठ वाढेल, तर घाबरू नका, गोळ्या स्वतःहून बंद करू नका, लगेच इथे या’ ही तीन वाक्ये रुग्णाला आणि त्याच्या विश्वासातल्या एका माणसाला सांगितली गेली पाहिजेत. जोरदार डोकेदुखी, उलट्या, गुंगी किंवा धाप असेल, तर केंद्र उघडण्याची वाट न पाहता तातडीच्या विभागात जायला सांगितले पाहिजे. सीडी४ १००च्या खाली असणाऱ्यांना पहिल्या भेटीला महिन्याने बोलावणे फार उशिराचे आहे. दोन आठवड्यांनी बोलवावे, आणि न आल्यास फोन करावा. टीबीची खिडकी आणि एआरटीची खिडकी वेगळी असली तरी दोन्ही औषधे कोणत्या तारखेला सुरू झाली, हे दोन्ही कागदांवर असावे, कारण या आजाराचे निम्मे निदान त्या दोन तारखांमध्ये असते. गल्लीतल्या डॉक्टरला दाखवण्याच्या कागदावर एचआयव्ही हा शब्द लिहायचीही गरज नाही. ‘टीबीचे उपचार चालू, स्टेरॉइड देण्याआधी या क्रमांकावर बोला’ एवढे पुरे.

घाटकोपरच्या त्या माणसाला हे आधी सांगितलेले असते, तर गोळ्या कपाटात गेल्या नसत्या. चौदाव्या दिवशी तो केंद्रात आला असता, गाठीतला पू उपसून तपासणीला गेला असता, रिफाम्पिसिनचा रकाना पुन्हा स्वच्छ आला असता. स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही दिवसांत ताप उतरला असता. कदाचित मात्रा कमी करताना गाठ पुन्हा थोडी डोके वर काढते, तसे झाले असते आणि आणखी एकदा पू उपसावा लागला असता. दोन्ही औषधे मात्र एकही दिवस न चुकता चालू राहिली असती.