रिकामी परतणारी गाडी आणि पांढरी नंबरप्लेट

चिपळूण, खेड, महाड या पट्ट्यात घराघरांतून कोणी ना कोणी आखाती देशांत नोकरीला आहे. त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडणे आणि सुटीवर आल्यावर घेऊन येणे, हे काम बारा महिने चालते. स्वतःची गाडी असलेला आणि रस्त्याची खडा न् खडा माहिती असलेला तरुण या धंद्यात सहज उतरतो. मात्र यातील बहुतेक जण दोन चुका करतात, असे आमचे मत आहे. पहिली चूक हिशेबाची, दुसरी कागदपत्रांची.

हिशेब आधी पाहू. चिपळूण ते विमानतळ सुमारे 250 किलोमीटर. प्रवासी एका बाजूचे पैसे देतो, गाडी मात्र 500 किलोमीटर धावते. समजा, गाडी लिटरला 15 किलोमीटर जाते आणि पेट्रोल 100 रुपये धरले, तर इंधनाचेच 3,330 रुपये होतात. टोल व जेवणाचे 600 धरा. भाडे 6,000 घेतले तर खिशात 2,000 राहिले, असे चालकाला वाटते. येथेच फसगत होते. 10 लाखांची गाडी दोन लाख किलोमीटर धावून 4 लाखांना विकली गेली, तर किलोमीटरमागे 3 रुपये झिजले. टायर व सर्व्हिसिंगचा एक रुपया त्यात मिळवा. 500 किलोमीटरला हे 2,000 होतात. विमा, कर, फिटनेस यांचे वर्षाला 60,000 धरले आणि महिन्याला दहा फेऱ्या झाल्या, तर प्रत्येक फेरीवर आणखी 500 रुपये पडतात. एकूण खर्च 6,430. म्हणजे रात्रभर जागून 430 रुपयांचा तोटाच! हा तोटा लगेच दिसत नाही. टायर बदलताना किंवा गाडी विकताना तो कळतो.

म्हणून या धंद्यातील नफा परतीच्या फेरीत आहे. वरील फेरीतच येताना 4,000 रुपयांचा प्रवासी मिळाला, तर उत्पन्न 10,000 होते आणि साडेतीन हजार रुपये खरोखर उरतात. यासाठी गावागावांतून कोण कधी येणार आहे, याची वही ठेवावी. जाणाऱ्याची तारीख येणाऱ्याशी जुळवावी. विमान उतरल्यावर प्रवासी सामान घेऊन बाहेर पडायला एक-दीड तास लागतो, तोही धरावा. रात्री सोडून सकाळच्या प्रवाशाला आणायचे असेल, तर मधले चार-पाच तास झोपेसाठीच राखावेत.

रस्त्याच्या माहितीची किंमत येथेच वसूल होते. पहाटे 4 चे विमान असेल तर 1 वाजता विमानतळावर पोहोचायला हवे. एरवी सहा तास पुरतात, पण माणगावची कोंडी, शनिवार-रविवार आणि गणपतीचे दिवस धरून आठ तास हाताशी ठेवावेत व संध्याकाळी 5 ला निघावे. 2022 च्या उन्हाळ्यात परशुराम घाट कामासाठी दुपारचे काही तास बंद ठेवला जात होता. तेव्हा आंबडस-चिरणी-लोटे हा आतला रस्ता माहीत असलेल्यांचीच गाडी वेळेवर पोहोचली.

आता कागदपत्रे. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालवणे म्हणजे परमिटशिवाय वाहन चालवणे होय. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर यासाठी 10,000 रुपये दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. पण आम्हाला त्याहून मोठी भीती विम्याची वाटते. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याच्या वापराला संरक्षण नसते, हे तिच्यावर लिहिलेले असते. अपघात झाला आणि प्रवाशाने भाडे दिल्याचे जबाबात आले, की गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. जखमींची भरपाईही मालकाच्या अंगावर येऊ शकते. ‘ओळखीचे आहेत, पाहुणे आहेत’ असे पोलिसांना सांगता येईल, पण जखमी प्रवाशाने आपल्यासाठी खोटे बोलावे, ही अपेक्षा कशी धरायची?

उपाय सरळ आहे. आरटीओत गाडीची नोंद खासगीतून प्रवासी वाहनात बदलून घ्यावी. कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्र आधी घ्यावे. मग फिटनेस, टुरिस्ट परमिट, पिवळी प्लेट आणि व्यावसायिक विमा, हे सारे लागते. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याला त्यावर व्यावसायिक वाहनाची वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले व 2024 मध्ये पुन्हा कायम केले.

महिन्याला एखादीच फेरी मिळत असेल, तर हा खर्च निघणार नाही. अशाने गाडी घरासाठीच ठेवावी आणि दुसऱ्याच्या परमिटच्या गाडीवर चालक म्हणून जावे. आठ-दहा फेऱ्यांची खात्री असेल, तर प्लेट पिवळी करूनच पहिला प्रवासी बसवावा, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे.